मदत हवी आहे: बिडाच्या तव्याच्या वर्णनाची पहिली ओळ

नमस्कार मंडळी. मी बिडाचे तवे तेल मुरवून ऑनलाइन विकते. वर्णनाची सुरुवात अशी होती: 'पारंपरिक पद्धतीचा, उत्तम दर्जाचा, अस्सल बिडाचा तवा.' मोबाइलवर फोटोखाली एवढंच दिसतं, बाकीचं 'आणखी वाचा'च्या आड जातं. मग रोज विचारणा, "ताई, यावर नक्की काय करायचं?" एकीने तर पोळ्यांसाठी घेतला आणि जड म्हणून परत पाठवला. फार लागलं ते मनाला.

काल बदलून लिहिलं: 'घावन, आंबोळी न चिकटता सुटणारा बिडाचा तवा.' उपयोग पहिल्या दोन शब्दांत आला. पण 'न चिकटता' लिहिताना मन खातं, कारण तवा नीट तापला नसेल तर पहिलं घावन चिकटतंच.

दुसरी ओळ सुचली: 'जाळीदार घावन उलथन्यावर अलगद यावं, त्यासाठी बिडाचा तवा.' चित्र डोळ्यांसमोर येतं आणि खोटं काही नाही, पण 'तवा' इथेही शेवटीच जातो. शिवाय कोकणाबाहेर 'घावन' सगळ्यांना कळेल का, की 'डोसा'च लिहू?

स्क्रोल करताना तुम्ही कोणत्या ओळीवर थांबाल? याहून नेमकी ओळ सुचली तर नक्की सांगा.