मदत हवी आहे: समोरासमोरच्या दोन रांगा, सगळ्या अटी जुळतात तरी उत्तर चुकतं

कृष्णाकाठ

नमस्कार. ग्रामीण बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, पेपर मराठीतून देणार आहे. सराव संचातल्या एका कोड्याने तीन दिवस छळलंय. उत्तर येत नाही असं नाही. येतं, आणि एकच येतं, पण उत्तरतालिकेशी जुळत नाही.

दोन समांतर रांगांत पाच-पाच जण समोरासमोर बसलेत. पहिल्या रांगेत अजय, भारती, चेतन, दीपा, ईश्वर, तोंडं दक्षिणेकडे. दुसरीत परेश, राधा, सुमन, तुषार, विद्या, तोंडं उत्तरेकडे. क्रम असाच असेल असं नाही. अटी अशा:

भारती अजयच्या डावीकडे दुसरी आहे. भारतीच्या समोरची व्यक्ती राधाच्या लगेच उजवीकडे आहे. परेशच्या समोरची व्यक्ती चेतनच्या लगेच उजवीकडे आहे. सुमन एका टोकाला आहे, तिच्या आणि परेशच्या मध्ये दोघे बसलेत. दीपाच्या समोरची व्यक्ती विद्याच्या लगेच डावीकडे आहे. अजय सुमनच्या समोर नाही.

विचारलंय, तुषारच्या समोर कोण? माझी मांडणी:

```
चेतन  भारती  दीपा   अजय   ईश्वर
राधा  परेश   तुषार  विद्या  सुमन
```

म्हणजे दीपा. उत्तरतालिका म्हणते चेतन. एकेक अट बोट ठेवून तपासली, सगळ्या बसतात. उत्तरतालिकाच चुकली असेल का?

अभ्यासिका_लातूर

उत्तरतालिका बरोबर आहे, ताई. वरच्या रांगेचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणून त्यांचा डावा हात कागदाच्या उजव्या बाजूला येतो. तुम्ही अजयच्या डावीकडे म्हणून कागदाच्या डावीकडे गेलात. सोपं आहे, वरची रांग फक्त उलटी लिहा: ईश्वर, अजय, दीपा, भारती, चेतन. एका रांगेच्या कोड्यात माझी हीच चूक व्हायची, उलटं लिहिलं की उत्तर बरोबर यायचं.

कृष्णाकाठ

चूक कुठे झाली ते कळलं, धन्यवाद. पण दादा, उलटी करून पाहिली. आता भारतीच्या समोर विद्या आली, आणि राधा तर पार दुसऱ्या टोकाला. दुसरी अट मोडली.

जुना_परीक्षार्थी

लातूरकरांनी चूक अचूक पकडलीय, पण दुरुस्ती इथे चालणार नाही. एकाच रांगेचं कोडं असेल तर डावं-उजवं उलटं धरल्यावर आरशातली मांडणी येते. रांग उलटी केली की काम झालं. दोन्ही रांगांचे हात उलटे धरले असते, तरी अख्खा कागद आरशात पाहून निभावलं असतं. ताईंचे हात फक्त वरच्या रांगेत चुकलेत. खालची रांग बरोबर धरलीय आणि ती ‘समोरची व्यक्ती’ या अटींनी वरच्या रांगेला बांधलेली आहे. एकच रांग उलटी केली की त्या गाठी सुटतात. म्हणून पहिल्यापासूनच मांडावं लागेल.

कागदाच्या डावीकडून जागांना १ ते ५ आकडे द्या. वरच्या रांगेत डावीकडे जाणं म्हणजे आकडा वाढणं, खालच्या रांगेत आकडा घटणं. मी तर चित्राच्या टोकांनाच लिहून ठेवायचो: वर १ पाशी ‘उ’, ५ पाशी ‘डा’, खाली त्याच्या उलट.

सुरुवात अजय-भारतीपासून करू नका, त्यांना तीन जागा आहेत. सुमन-परेशला दोनच आहेत: सुमन १ आणि परेश ४, किंवा सुमन ५ आणि परेश २.

आता तिसरी अट नीट वाचा. ‘चेतनच्या उजवीकडे’ म्हटलंय, म्हणजे हात चेतनचा, वरच्या रांगेचा. वाक्य परेशपासून सुरू होतं म्हणून अनेक जण परेशचा हात धरतात. चेतनच्या उजवीकडे म्हणजे एक आकडा कमी. परेश ४ वर असेल तर चेतन ५ वर, परेश २ वर असेल तर चेतन ३ वर.

भारती अजयपेक्षा दोन आकडे पुढे, म्हणजे ती ३, ४ किंवा ५ वर. राधा खालच्या रांगेत भारतीच्या एक आकडा मागे. परेश २ धरला तर चेतन ३ वर असल्यामुळे भारती ३ वर नाही, आणि ५ वरही नाही, कारण मग अजयला ३ लागेल. उरली भारती ४, अजय २, राधा ३. मग विद्याला १ किंवा ४. दीपा तिच्या एक जागा मागे हवी. १ च्या मागे जागा नाही, आणि ४ च्या मागे चेतन बसलाय. ही शक्यता गेली.

परेश ४ धरला तर भारती ३ किंवा ४. ती ३ वर असेल तर अजय १ वर, म्हणजे बरोबर सुमनसमोर, आणि शेवटची अट तेच नाकारते. म्हणून भारती ४, अजय २, राधा ३. विद्याला २ किंवा ५. ५ घेतला तर दीपाला ४ लागेल, तिथे भारती आहे. म्हणून विद्या २, दीपा १. उरलेले दोघे आपोआप बसतात:

```
दीपा  अजय   ईश्वर  भारती  चेतन
सुमन  विद्या  राधा   परेश   तुषार
```

तुषारच्या समोर चेतन.

ताई, एक विचारतो. तुमच्या पहिल्या मांडणीत शेवटची अट कधी वापरावी लागली होती का?

कृष्णाकाठ

नाही! त्याआधीच सगळे बसले होते. शेवटी फक्त ‘ठीक आहे’ म्हणून खूण केली.

जुना_परीक्षार्थी

तिथेच थबकायला हवं होतं. एखादी अट वापरल्याशिवाय मांडणी पूर्ण झाली तर मी आधी वरच्या रांगेचे हात तपासतो. हा पक्का पुरावा नाही, काही कोड्यांत जास्तीची अट खरंच असते. पण तुमच्यासारखं चुकीचं तरीही एकच उत्तर आलं की दुसरी खूण हाती नसते.

वैनगंगा

माझंही असंच झालंय. माझ्या कोड्यात पहिली रांग उत्तरेकडे तोंड करून होती आणि मी ती वर काढली. म्हणजे दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून बसल्या. क्लासमध्ये सांगितलं की चित्रच चुकलं, मार्क गेले. पण उत्तर बरोबर आलं होतं! हे कसं?

जुना_परीक्षार्थी

कोण कोणासमोर हे उभ्या ओळीवरून ठरतं, आणि हात दिशेवरून. उत्तरेकडे तोंड असलेल्याचा डावा हात पश्चिमेलाच, मग रांग वर काढा की खाली. तुम्ही दिशेप्रमाणे हात धरलेत म्हणून उत्तर आलं. ‘वरची रांग म्हणजे उलटे हात’ असं पाठ केलं असतं तर फसला असता.

अभ्यासिका_लातूर

एका रांगेवरून दोन रांगांचं सांगत होतो, हे आज कळलं. पण ‘तिरपे समोर’ आलं की काय धरायचं? मी फक्त टोकांचे चौघे धरतो.

वैनगंगा

आमच्याकडे समोरच्याच्या शेजारचाही धरतात.

जुना_परीक्षार्थी

मी टोकांचेच धरत आलोय, पण दुसऱ्या अर्थानेच सुटणारी कोडीही पाहिलीत. कोड्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दोन्ही अर्थ लावून बघतो, एका अर्थाने बहुधा मांडणीच होत नाही. दोन्हींनी झाली तर माझ्याकडेही उत्तर नाही.

कृष्णाकाठ

आत्ता वही समोर ठेवून, वरच्या रांगेला ‘उ’ आणि ‘डा’ लिहून पुन्हा सोडवलं. चेतन आला. त्याच संचातली आणखी दोन कोडी अशीच चुकलीत, ती आज रात्री बघते. एकात सहा-सहा जण आहेत आणि एकेक खुर्ची रिकामी आहे. अडले तर इथेच लिहीन.