मदत हवी आहे: जर्मनी आणि अमेरिकेसाठी एकाच पॅकिंग लिस्टमध्ये वजन कसे लिहावे?

आमच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीतून जर्मनी आणि अमेरिकेला कास्टिंग जातात व दोन्हीकडे एक्सेलमध्ये केलेल्या एकाच नमुन्याची पॅकिंग लिस्ट पीडीएफ करून पाठवली जाते. 05/08/2025 ही आपली ५ ऑगस्ट अमेरिकेत ८ मे होत असल्याने तारखेसाठी आम्ही `yyyy-mm-dd` हा फॉरमॅट ठेवला असून तो प्रश्न मिटला आहे.

अडचण वजनाची आहे. साडेबारा किलोचा नग आम्ही 12.500 असा लिहितो. जर्मन वाचकाला तो बारा हजार पाचशे वाटू शकतो, कारण तिकडे टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो. टिंबानंतर नेमके तीन अंक आले की घोटाळा होतो, म्हणून 12.50 लिहून पाहिले, परंतु 12.375 किलोच्या नगाला ते चालत नाही. हजारांसाठी मोकळी जागा सोडणारा `# ##0.000` फॉरमॅटही लावला, पण दहा लाखांपुढे तो पहिला गट तोडत नाही. आकडे मजकूर म्हणून टाकावेत, तर खालची बेरीज बंद पडते.

दोन वेगळे नमुने ठेवणे शक्य नसताना चार दशांश स्थळे (12.3750) दाखवणे योग्य, की वजन ग्रॅममध्ये पूर्णांकात देणे? निर्यातीची कागदपत्रे करणाऱ्यांपैकी कोणाच्या जर्मन ग्राहकाने यातले काय विनातक्रार स्वीकारले आहे?