बीटी कापसाच्या इंग्रजी लेखाचं ब्रीफ कसं करायचं, बाजू चिठ्ठीनं ठरणार आहे

घाटंजीचा अक्षय : आमच्या कॉलेजची वादविवाद स्पर्धा हाय, विषय 'या सभागृहाचे असे मत आहे की बीटी कापसाने कोरडवाहू शेतकऱ्याचे भले केले'. बाजू एक तास आधी चिठ्ठीनं भेटन. सरांनी 2020 चा क्रांती आणि स्टोन यांचा 'नेचर प्लँट्स' मधला इंग्रजी लेख वाचायला देला, दाट हाय. मी त्याचा सारांश काढला तर तोच 6 पानं झाला, अन सर म्हणतात हे ब्रीफ नाही. मंग ब्रीफ म्हणजे नेमकं काय लिहू? बोलायला 7 मिनिटं हायत, 5 मांडणी अन 2 खंडन.

पऱ्हाटीवाला : भाऊ जमीन हलकी असन तर लवकर येणारं वाण घे, जास्त दिवसाचं घेतलं की डिसेंबर-जानेवारीत गुलाबी अळी बोंडात बसलीच समज. 2017 ले आमचं 4 एकरातलं शेवटचं वेचणीचं बोंड फोडलं तर आत कवडी निंघाली, रुई पिवळी. आन बाप्पा ते थैलीसंगं 120 ग्रॅमची लहान पुडी यायची ना बिनबीटीची, ते कोणीच पेरे नाही, आमच्या कोठ्यात खुंटीले 10-12 लटकून होत्या.

घाटंजीचा अक्षय : काका मी बियाणं नाही इचारून रायलो, भाषणाचं इचारून रायलो 😅

फिरती ढाल : अरे लेख बिख ठेव बाजूला. मी 3 वर्षं जिल्ह्याची ढाल आणली, आकड्यांनी कोणी जिंकत नाही. परीक्षक जेवून आलेले असतात, पाचवा आकडा आला की पेंगतात. विरोधात आला तर सरळ आत्महत्यांवर जायचं, एक विधवा माउली, एक सावकार, आवाज खाली आणायचा, झालं. बाजूने आला तर पांढरं सोनं. आकडा एक बस्स.

विमलताई (रिटायर मास्तरीण) : ढालभाऊंचं अर्धं खरं आहे, आकडा थोडाच हवा. पण आत्महत्यांवर जाशील तर समोरचा चांगला असला की तुला उभ्या उभ्या पाडेल. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची आत्महत्या 1986 ची आहे आणि बीटीला मंजुरी मिळाली 2002 ला, तो एवढंच विचारेल की सोळा वर्षं आधी कोणतं बीटी होतं, आणि तुझा आवाज खाली गेलेला तिथेच राहील. त्यातून दुसऱ्याच्या घरातलं मरण टाळ्यांसाठी वापरायचं मला तरी पटत नाही, ते असो.

अक्षय, तुझ्या प्रश्नाचं. सारांश लेखकाच्या क्रमाने जातो, म्हणून लांबतो. ब्रीफमध्ये लेखकाचा क्रम मोडायचा असतो. लेख वाचताना प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून एकच विचार की हा कोणता दावा करतो आणि कशाच्या जोरावर. नुसती पार्श्वभूमी असेल तर सोडून दे, अर्धा लेख असाच गळतो. जो दावा उरला त्याला एक अर्धा कागद. वर दावा आपल्या मराठीत एका वाक्यात, खाली पुराव्याची ओळ, म्हणजे कोणी मोजलं, कुठलं मोजलं, कोणत्या वर्षांचं आणि काय मोजलं. त्याखाली समोरचा काय म्हणेल, आणि सगळ्यात खाली आपण त्यावर काय म्हणू. असे चार-पाच अर्धे कागद झाले की ब्रीफ संपलं.

आता तुझ्याच लेखातलं करून दाखवते. त्याच्या गोषवाऱ्यातच एक वाक्य आहे, अर्थ असा की बीटीचा प्रसार आणि उत्पादकतेची चाल यांचा मेळ कमजोर आहे, पण सुरुवातीला फवारणी घटली तिच्याशी मेळ पक्का आहे. सारांशात हे तू एकाच ओळीत लिहिलं असशील. ब्रीफमध्ये त्याचे दोन कागद होतात, कारण वाक्याचा पहिला अर्धा भाग विरोधातल्याचा आणि दुसरा बाजूच्याचा. लेख बीटीच्या विरोधात वाचला जातो, क्रांती हे नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले, आणि तरीही सुरुवातीची फवारणी कमी झाली हे त्यात कबूल आहे. बाजूने बोलणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार नाही, विरोधकाच्या घरातला आहे. फक्त त्या ओळीत 'सुरुवातीला' हा शब्द ठेवायचाच. तो गाळलास की समोरचा त्याच लेखातलं पुढचं वाक्य वाचेल, शेतकरी आज फवारणीवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतो हे, आणि तू खोटा पडशील.

फिरती ढाल : ताई हे कागदावर छान दिसतं, पण स्टेजवर 4 कागद चाळत बसला की गेला पोरगा. मी पाठ करूनच जायचो.

विमलताई : पाठच कर, नाही कोण म्हणतं. पण पाठ भाषण केलं की खंडनाची 2 मिनिटं पण घरूनच लिहून नेतात पोरं, आणि समोरच्याने जो मुद्दा मांडलाच नाही त्याचं खंडन करतात. परीक्षक म्हणून बसले की दर वर्षी एक तरी असा असतो.

घाटंजीचा अक्षय : ताई रात्री बसून बाजूचा एक कागद केला, पहा बरं. 'बीटीमुळे भारतात कापसाचे उत्पादन तिप्पट झाले. 2002-03 मध्ये 136 लाख गाठी, 2013-14 मध्ये 398 लाख गाठी. दुसरा पुरावा, काथागे आणि कैम 2012, बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्के आणि नफा 50 टक्के वाढला.'

जिनिंगवाला : मधीच बोलतो, जिनिंगवर 20 वर्षं झाले म्हणून. गाठी तिप्पट म्हणजे झाडाले बोंडं तिप्पट लागले असं नाही ना राजा. त्याच काळात कापसाचा पेराच जवळपास 77 लाख हेक्टरवरून 120 लाखाच्या घरात गेला. हेक्टरी पाहशीन तर 2002-03 ले 300 किलोच्या आसपास होतं, 2007-08 ले 550 च्या आसपास, अन त्यानंतर ते फारसं वर गेलं नाही, पुढं खालीच सरकलं. दुपटीलेही कमी हाय, तिप्पट कुठून आणलं.

आन एक, हे किलो रुईचे हायत. स्टेजवर 'हेक्टरी 500 किलो' म्हणशीन अन समोर बसलेला कास्तकार सरकीसकट कापूस धरन, त्याले वाटन एकरी 2 क्विंटल, हा पोरगा काय सांगून रायला. रुई साधारण तिसरा हिस्सा निंघते, म्हणून 500 किलो रुई म्हणजे हेक्टरी 15 क्विंटल कापूस, एकरी 6. आपल्या लोकायले एकरी क्विंटलमधीच सांग.

विमलताई : जिनिंगवाले भाऊ, हे मला सुद्धा इतकं नीट सुचलं नसतं, एकरी सहा क्विंटलवालं तर मी कधी सांगितलंच नाही पोरांना. अक्षय, तो पहिला पुरावा काढूनच टाक. उत्पादन आणि उत्पादकता एकमेकांत गेली की सगळा कागद बाद, आणि बाजूच्याला त्याची गरजही नाही.

दुसरा पुरावा चांगला आहे पण तू वर्षं लिहिली नाहीस. काथागे-कैमचा अभ्यास 2002 ते 2008 मधला, चार राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांचा, आपला महाराष्ट्र त्यात आहे. म्हणजे ओळ अशी होते, '2002 ते 2008, चार राज्यांतल्या घरांच्या पाहणीत एकरी 24 टक्के जास्त'. वर्षं लिहिली की समोरचा काय म्हणेल ते आपोआप दिसतं, 2008 ला मोजपट्टी संपली, गुलाबी अळी त्यानंतर माजली, 2017 ला काय झालं ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मग त्याला उत्तर काय? ते पऱ्हाटीवाल्या काकांनी वर लिहूनच ठेवलंय. ती 120 ग्रॅमची पुडी. बीटीच्या कडेने बिनबीटीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, पेरायचं होतं म्हणजे सगळ्याच अळ्या बीटी पचवायला शिकणार नाहीत. पुड्या खुंटीला राहिल्या. तेव्हा बाजूचा म्हणेल की बियाणं हरलं नाही, आपण ते वापरलं चुकीचं.

पऱ्हाटीवाला : म्हंजे चूक आमचीच काय? 4 एकरातलं पाऊण एकर अळीले चारासाठी सोडू? कर्ज पुरं 4 एकराचं घेतलं होतं.

दारव्ह्याचा वकील : बघा, हेच तर प्रतिकूल बाजूचं उत्तर झालं. पऱ्हाटीवाल्यांनी एका ओळीत ताईंचा कागद फाडला. जे तंत्र लहान कास्तकाराने पाचवा हिस्सा सोडल्याशिवाय टिकत नाही ते कोरडवाहूसाठी बनलंच नव्हतं, असं म्हणायचं, आणि विषयात 'कोरडवाहू' हा शब्द आहे त्यावर बोट ठेवायचं. माझ्या मते ब्रीफचा पहिला कागद लेखाचा नसावाच, विषयाच्या शब्दांचा असावा. 'भले केले' म्हणजे काय, किती वर्षांचं, कोणाचं. दोन्ही पुरावे वाचताना मग ते कोरडवाहूचे आहेत की ओलिताचेही आहेत हे पहिले शोधशील. देशाची सरासरी घेऊन घाटंजीच्या हलक्या रानाबद्दल बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोटर.

मात्र ताईंशी एक मतभेद. आपल्या बाजूचं दुबळं स्थान पाच मिनिटांत स्वतःहून सांगू नये. समोरच्याला सापडू द्या, सापडलं तर खंडनात उत्तर. कोर्टात आम्ही कधी उघडून देत नाही.

विमलताई : कोर्टात जज पुढच्या तारखेला ऐकतो वकीलसाहेब, इथे पोराकडे 2 मिनिटं आहेत. बाजूने बोलताना 'हो, 2017 ला गुलाबी अळीने मारलं' हे स्वतः म्हटलं की समोरच्याच्या हातातली काठी जाते. आणि आपल्याकडे परीक्षक बहुतेक वेळा घरी कापूस असलेला माणूस असतो, त्याच्यासमोर ते टाळलं तर तो बाकी काही ऐकतच नाही.

फिरती ढाल : हे मात्र खरं, मी एकदा टाळलं होतं आणि परीक्षकाने भाषण संपल्यावर तेच विचारलं. तरी ढाल मलाच भेटली 😎

दारव्ह्याचा वकील : मग टाळून नुकसान काय झालं?

घाटंजीचा अक्षय : एक अजून, लेखात पीक वाढीचं श्रेय खतं अन नवीन कीटकनाशकायले देलं हाय. ते विरोधाचा कागद म्हणून लिहितो, पण बाजूवाला म्हणन की बोंड वाचते म्हणूनच कास्तकारानं खतावर पैसा टाकला. म्हणजे कोणामुळे कोण वाढलं हे लेखावरून मले कळून नाही रायलं.

विमलताई : ते 'कळत नाही' तसंच लिहून ठेव कागदावर. तुला चिठ्ठीत कोणतीही बाजू आली तरी समोरचा तिथे ठाम बोलेल, आणि तू तिथेच थांबवून त्याला पुरावा मागायचास.

जिनिंगवाला : अन गाठीचा आकडा त्यानं काढला तर पेरा इचारजो.

पऱ्हाटीवाला : स्पर्धा कवा हाय? वेचणी नसली तर येतो ऐकाले, पुडी घेऊन. एखादी असन अजून कोठ्यात.