मदत हवी आहे: मरीन क्लेमचे पैसे अडकलेत, विमा कंपनीला आठवणीचा मेल कसा लिहू?

रीळवाला_मस्जिदबंदर (१२ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. आमची कागदाची पेढी आहे. ऑफिस मस्जिद बंदरला, गोडाऊन भिवंडीत. जूनमध्ये न्हावाशेव्याला आलेल्या एका कंटेनरच्या छपराला भोक होतं, त्यातले रीळ भिजले. सर्वे झाला, रिपोर्टही गेला, पण पैसे अजून नाहीत. १४ लाख ६० हजारांचा क्लेम आहे. चार मेल टाकले, चारही वेळा 'अंडर प्रोसेस' एवढंच उत्तर आलं. शेठ रोज सकाळी विचारतात आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं.

शेवटचा मेल हा होता: "आमचा क्लेम बरेच दिवस प्रलंबित आहे. सर्वेअरचा रिपोर्ट येऊनही खूप काळ झाला. कृपया लवकरात लवकर पेमेंट करावे, ही कळकळीची विनंती."

कुणी कडक भाषेतला मेल लिहून देईल का? आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा आहे.

हायवे_पाटील

मेलबिल सोडा. माझ्या टेम्पोचा अपघाताचा क्लेम सहा महिने लटकला होता. विमा लोकपालांकडे तक्रार टाकली आणि महिन्याभरात चेक आला. तुम्हीही तेच करा.

मुलुंडची_मीरा

पाटीलदादा, तुमचा टेम्पो तुमच्या नावावर होता. यांची पेढी काय आहे? स्वतःच्या एकट्याच्या मालकीची किंवा अगदी छोटा सूक्ष्म उद्योग असेल तर लोकपाल ऐकतील, प्रायव्हेट लिमिटेड मोठी असेल तर दारातूनच परत पाठवतील.

रीळवाला, मी क्लिअरिंगचं काम करते, म्हणून विचारते. कंटेनर बाहेर कधी काढला? गेटवर कंटेनरच्या पावतीत छपराला भोक असल्याची नोंद करून घेतली होती का? आणि शिपिंग लाइनला लेखी नोटीस दिलीत का?

रीळवाला_मस्जिदबंदर

ताई, हे सगळं सर्वेअरने बघितलंय. मला फक्त विमा कंपनीला मेल हवा आहे.

निवृत्त_दावेवाला

मी एका जनरल इन्शुरन्स कंपनीत क्लेम विभागात एकवीस वर्षं होतो. तुमच्यासारखे मेल रोज यायचे. असा मेल आला की टेबलावरचा माणूस फाइल न उघडता 'अंडर प्रोसेस' लिहू शकतो, कारण तुम्ही त्याला काही विचारलेलंच नसतं. "बरेच दिवस" म्हणजे किती? "रिपोर्ट आला" म्हणजे कुठल्या तारखेला, कुणाकडे?

आवाज चढवून काही होत नाही. ज्याचं उत्तर तारखेनेच द्यावं लागेल असा प्रश्न विचारा. त्यासाठी आधी मला या तारखा द्या: माल ताब्यात कधी घेतला, कंपनीला कधी कळवलं, सर्वेअर कधी आला, त्याने कागद कधी मागितले, शेवटचा कागद कधी दिला, रिपोर्ट कधी गेला. रिपोर्ट गेला हे तुम्हाला कसं कळलं, तेही सांगा.

रीळवाला_मस्जिदबंदर

काका, सांगतो. माल ९ जूनला ताब्यात घेतला, त्याच संध्याकाळी कंपनीला मेल. १० जूनला त्यांनी सर्वेअर नेमला, ११ ला तो येऊन गेला. १४ जूनला कागदांची यादी आली. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग लगेच दिले. बिल ऑफ एंट्री आणि भिजलेल्या रिळांच्या वजनाच्या पावत्या राहिल्या होत्या, त्या ४ जुलैला दिल्या. रिपोर्ट २२ जुलैला टाकला असं सर्वेअर फोनवर म्हणाला.

मीराताई, शिपिंग लाइनला पत्र ११ जूनला गेलंय, आत्ता फाइलमध्ये सापडलं. कंटेनरच्या पावतीचं बघावं लागेल.

हायवे_पाटील

मग झालंच की! १० जूनला नेमला आणि रिपोर्ट २२ जुलैला. नियमाने सर्वेअरला ३० दिवस असतात. त्याच्याविरुद्धच तक्रार टाका, लायसन्स जाईल त्याचं.

निवृत्त_दावेवाला

पाटील, ३० दिवस हे २०१७ च्या नियमांतलं. तेव्हा सर्वेअरला रिपोर्टसाठी ३० दिवस आणि रिपोर्ट मिळाल्यावर कंपनीला निर्णयासाठी आणखी ३० दिवस असत. विमा नियामक इर्डाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने हे आवळलं. आता सर्वेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि कंपनीने त्यानंतर ७ दिवसांत निर्णय कळवायचा.

पण सर्वेअरशी भांडू नका. तुमचे शेवटचे कागदच ४ जुलैला गेलेत, तो तेच पुढे करेल. शिवाय पुढे कंपनीने त्याला काही विचारलं तर तुमच्या बाजूने उत्तर देणारा तोच एक माणूस आहे. रिपोर्टनंतरच्या दिवसांवर बोट ठेवा.

रीळवाला, ४ जुलैचे कागद कसे दिलेत?

रीळवाला_मस्जिदबंदर

सर्वेअरला व्हॉट्सअ‍ॅपवर. तोच म्हणाला चालेल.

निवृत्त_दावेवाला

इथे घोळ आहे. सर्वेअरच्या फोनमध्ये कागद आहेत म्हणजे कंपनीच्या फाइलमध्ये आहेत असं नाही. आज ते सगळे पुन्हा मेलला जोडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्याचा तारखेसकट स्क्रीनशॉटही जोडा.

ही तारीख व्याजासाठीही लागते. उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यायचं, आणि २०१७ च्या नियमांत ते शेवटचा आवश्यक कागद पोचल्यापासून धरलेलं आहे. १ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेचा बँक दर ६.५० टक्के होता, म्हणजे व्याज ८.५० टक्के. १४ लाख ६० हजारांवर दिवसाला ३४० रुपये होतात. ४ जुलैपासून आजपर्यंत ७० दिवस, म्हणजे २३,८०० रुपये. प्रत्यक्षात ते मंजूर रकमेवर मिळेल आणि भंगाराची किंमत वजा होऊन ती कमी असेल, पण मेलमध्ये हिशेब मांडलात की फाइल वरिष्ठांकडे जाते. टेबलावरच्या माणसाला व्याज स्वतःच्या सहीने द्यायचं नसतं.

मजकूर मराठीत देतो, इंग्रजी तुम्ही करा. विषयात पॉलिसी नंबर, क्लेम नंबर आणि कंटेनर नंबर घाला, नाहीतर मेल भलत्याच टेबलावर जातो.

"९ जून रोजी ताबा घेतलेल्या मालाच्या नुकसानीची सूचना आम्ही त्याच दिवशी दिली. आपण १० जून रोजी सर्वेअर नेमला व ११ जून रोजी पाहणी झाली. मागितलेले कागद ४ जुलै रोजी पूर्ण झाले, ते पुन्हा सोबत जोडले आहेत. अंतिम रिपोर्ट २२ जुलै रोजी सादर केल्याचे सर्वेअरने आम्हाला सांगितले. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: रिपोर्ट आपल्याला कोणत्या तारखेस मिळाला, त्यावर सर्वेअरकडे वा आमच्याकडे काही खुलासा मागितला असल्यास केव्हा व कोणता, निर्णय कोणत्या तारखेस होईल. अंतिम रिपोर्टची प्रत आम्हाला द्यावी. विलंबाचे व्याज आम्ही मागत आहोत, त्याचा हिशेब जोडला आहे. सात दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाऊ."

"कळकळीची विनंती" काढून टाका. आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला आत्ताच प्रत लावू नका, ती पुढची पायरी आहे. तिथेही दाद लागली नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवता येते.

मुलुंडची_मीरा

काका, एक गोष्ट राहिली. शिपिंग लाइनवरचा दावा डिलिव्हरीपासून एक वर्षात कोर्टात गेला नाही तर संपतो. यांची मुदत पुढच्या जूनच्या सुरुवातीला भरते. हे याच मेलमध्ये ठळक लिहायला हवं. पैसे दिल्यावर विमा कंपनीच लाइनकडून वसुली करणार, म्हणजे मुदतीची काळजी तिलाही असते. माझ्या एका पार्टीच्या केसमध्ये या एका वाक्याने फाइल हलली होती.

निवृत्त_दावेवाला

मीराताई, मुदतीचं बरोबर आहे, पण याच मेलमध्ये नको. लाइनचं नाव काढलं की 'लाइनच्या उत्तराची वाट पाहतो आहोत' असं म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं. मी स्वतः अशा फाइली थांबलेल्या पाहिल्यात. वेगळा मेल करा.

मुलुंडची_मीरा

थांबवणारा कशानेही थांबवतो. उद्या मुदत टळली तर हेच म्हणतील की तुम्ही वसुलीचा हक्क सांभाळला नाहीत, आणि रक्कम कापतील. मी असते तर एकाच मेलमध्ये लिहिलं असतं.

देवगडचा_बागायतदार

आमच्या आंब्याच्या पेट्या विमानाने दुबईला गेल्या होत्या, तिथे माल नरम पडला म्हणून निम्मा दर दिला. त्याचा क्लेम होतो का? पॅकिंग चांगलं होतं.

मुलुंडची_मीरा

दादा, फळ आपोआप पिकून नरम पडलं असेल तर तो मालाचा स्वभाव धरतात, त्याचा क्लेम बहुतेक मिळत नाही. विमान रखडल्याने असेल तरी अवघडच. वेगळा धागा काढा, पॉलिसीचा फोटो टाका.

रीळवाला_मस्जिदबंदर (१७ सप्टेंबर)

मेल १२ ला संध्याकाळी टाकला, काकांनी सांगितला तसाच. आज पहिल्यांदा तारखा असलेलं उत्तर आलं. रिपोर्ट त्यांना २४ जुलैला मिळाला. ६ ऑगस्टला त्यांनी सर्वेअरकडे खुलासा मागितला: कागद समुद्राच्या पाण्याने भिजला की पावसाच्या? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून निर्णय थांबलाय. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सर्वेअरला फोन केला. तो म्हणतो, पाहणीच्या दिवशी रिळावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघितला होता, दुधासारखं पांढरं झालं होतं, फोटोही आहे. फक्त रिपोर्टला जोडायचा राहिला.

निवृत्त_दावेवाला

पांढरं झालं म्हणजे खारं पाणी. आज त्याच्याकडून तो फोटो आणि दोन ओळींचा खुलासा थेट कंपनीला जाऊ द्या, तुम्हाला प्रत ठेवून. जुन्या नियमात अशा खुलाशाला सर्वेअरला तीन आठवडे होते, ते २७ ऑगस्टला संपले.

आता मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारतो. तुमच्या पॉलिसीवर कार्गो क्लॉज कुठला आहे, ए की बी?

रीळवाला_मस्जिदबंदर

सर्टिफिकेटवर 'ए' लिहिलंय.

निवृत्त_दावेवाला

मग हा प्रश्न तुमचे पैसे रोखायला पुरेसा नाही. 'बी' असता तर समुद्राचं पाणी बसतं आणि पावसाचं बसत नाही, तिथे सगळा क्लेम या एका थेंबावर ठरला असता. 'ए'मध्ये पाणी विम्याच्या प्रवासात घुसलं एवढं पुरतं, खारं असो वा गोडं. त्यांना हे लाइनकडून वसुली करताना लागेल, कारण खारं निघालं तर जहाजावर भिजलं हे सांगणं सोपं जातं. उत्तरात हे शांतपणे लिहा आणि निर्णयाची तारीख पुन्हा मागा.

रीळवाला_मस्जिदबंदर

सर्वेअरने फोटो पाठवला, मला प्रत आली. मेल तयार करतोय. मीराताई, कंटेनरची पावती सापडली. छपराबद्दल त्यावर काहीच नोंद नाही, शेरा कोरा आहे. याचा त्रास होईल का?

मुलुंडची_मीरा

विमा कंपनीकडून पैसे मिळायला फारसा नाही, तुमच्याकडे सर्वेअरची पाहणी आहे. वसुलीत होईल, लाइन म्हणेल कंटेनर धड होता. सर्वेअरकडे छपराला आतून उजेड दिसतोय असा फोटो आहे का विचारा. तो पाहणीला आला तेव्हा कंटेनर रिकामा करून परत गेला होता की तिथेच होता?