मदत हवी आहे: y = x आणि y = x² यांच्या मधल्या भागाचा सेंट्रॉइड, ȳ काही जुळत नाही

बर्डीची_पोर
परवा पेपर आहे आणि या एका गणितावर अडकले. रेषा आणि पॅराबोला (0,0) ला आणि (1,1) ला छेदतात. क्षेत्रफळ 1/6 आलं, x̄ = 1/2 आला, इथवर पुस्तकाशी जुळतंय. ȳ साठी उभी पट्टी घेतली, उंची x − x². मग ½∫(x − x²)² dx केलं, 1/60 आलं. क्षेत्रफळानं भागून ȳ = 1/10. पुस्तकात 2/5 आहे. तीनदा करून पाहिलं. पुस्तकच चुकलंय का?

महालवाला
चुकलंच आहे. उत्तर (3/4, 3/10). आमच्या क्लासमध्ये हेच करून घेतलं होतं.

जुना_मास्तर
महालवाले भाऊ, ते पॅराबोला आणि X-अक्षाच्या मधल्या भागाचं झालं. प्रश्न नीट वाचा.

पोरी, आकडेमोड बरोबर आहे, घोळ पट्टीत आहे. x = 1/2 वर बघ: पट्टी 0.25 ला सुरू होते, 0.5 ला संपते. तुझा बिंदू 0.1 वर, म्हणजे आकृतीच्या बाहेर. या आकृतीला कुठं खोबण नाही, त्यामुळे सेंट्रॉइड आतच पडायला हवा. उंचीच्या वर्गाचं अर्धं हे सूत्र पट्टी X-अक्षावर उभी असेल तरच चालतं. इथं ती अधांतरी आहे. तिचा मध्य (x + x²)/2 वर आहे, त्याला उंचीनं गुण:

½(x + x²)(x − x²) = ½(x² − x⁴)

वर्गांची वजाबाकी हवी होती, तू वजाबाकीचा वर्ग केलास. 0 ते 1 इंटिग्रेट केलं की 1/15, भागिले 1/6, झाले 2/5.

धरमपेठकर
एवढं कशाला? आकृती x = 1/2 भोवती सिमेट्रिक आहे. मधल्या पट्टीचा मध्य घ्या, 0.375.

जुना_मास्तर
सिमेट्रिक नाही हो, आरसा धरून पाहा. x वर आणि 1 − x वर पट्टीची उंची तेवढी सारखी असते, म्हणून x̄ = 1/2 हे खरं. पण x = 1/4 च्या पट्टीचा मध्य 0.156 वर आणि 3/4 च्या पट्टीचा 0.656 वर. दोघींची सरासरी 0.406. प्रत्येक जोडी 0.375 च्या वरच ओढते.

बर्डीची_पोर
आत्ता दिसलं! महालवाल्या दादांचं उत्तरही कामी आलं. रेषेखालचा त्रिकोण: क्षेत्रफळ 1/2, ȳ = 1/3. त्यातून पॅराबोलाखालचा भाग वजा: 1/3 गुणिले 3/10. म्हणजे 1/6 − 1/10 = 1/15. तेच आलं.

महालवाला
घ्या, फुकटात मदत केली 😄

पुठ्ठेवाला
मी २० सेंमी बाजू धरून पुठ्ठा कापला, दोन ठिकाणी दोऱ्यानं टांगून रेघा मारल्या. ȳ ८ यायला हवा होता, ८.४ येतोय. टोकं फार निमुळती आहेत, खालचं कापताना थोडं तुटलं. तेवढ्यानं इतका फरक पडेल का?