मदत हवी आहे: पीएस५ टीव्हीच्या मागे टांगायचा आहे, पण जागा, उष्णता आणि केबलचं गणित जमेना

निशाचर_डोंबिवली

नमस्कार मंडळी. घरात पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर आहे. खाली टीव्ही युनिट होतं, ते काढून टाकलं, कारण दीड वर्षाचा मुलगा पीएस५ चं बटण दाबतो आणि केबल ओढतो. आता कन्सोल टीव्हीच्या मागे कायमचा लपवायचा विचार आहे. मॉडेल स्लिम, डिस्क ड्राइव्हवालं. ऑनलाइन दोन प्रकार दिसतात. एक भिंतीला ठोकायचा लोखंडी ब्रॅकेट, आणि दुसरा टीव्हीच्या मागच्या स्क्रूंनाच अडकवायचा छोटा ट्रे.

टीव्ही आणि भिंत यांच्यात सध्या जेमतेम चार सेंटिमीटर फट आहे. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने साधा फिक्स ब्रॅकेट लावून दिलाय. बिल्डिंग नवीन आहे, भिंत पांढऱ्या हलक्या ब्लॉकची. मागे एवढ्या कमी जागेत कन्सोल तापेल का, डिस्क कशी घालायची आणि एचडीएमआय केबल किती लांब घ्यावी, हे कुणी सांगेल का?

ठाणेकर_७७

फार डोकं चालवू नका. माझ्याकडे तीन वर्षं टीव्हीच्या मागे डबल टेपने चिकटवलंय, काही होत नाही. रिमोट पण चालतो. वायर दिसत नाही, बायको खूश.

निशाचर_डोंबिवली

दादा, तुम्ही सेट टॉप बॉक्सबद्दल बोलताय का?

ठाणेकर_७७

हो, तेच ना? की गेमचं मशीन म्हणताय? मग मला माहीत नाही. पण टेप चांगली होती.

जॉयस्टिक_जोशी

पीएस५ उभा ठेवूच नका. आत प्रोसेसरवर लिक्विड मेटल असतं, उभा ठेवला की ते खाली ओघळतं आणि बोर्ड जातो. यूट्यूबवर रिपेअरवाल्यांचे व्हिडिओ पाहा. आडवाच ठेवायचा, आणि मागे एक यूएसबी पंखा चिकटवून द्या म्हणजे गरम व्हायचा प्रश्नच मिटला.

जुना_वायरमन

जोशीबुवा, अर्धं बरोबर आहे. लिक्विड मेटल असतं हे खरं, आणि ते सरकलेले कन्सोल दुरुस्तीवाल्यांकडे येतात हेही खरं. पण उभा आणि आडवा, दोन्ही प्रकारे ठेवायची कंपनीची परवानगी आहे. उघडलेला किंवा पडलेला जुना कन्सोल असेल तर मीही आडवाच ठेवीन. चालत नाहीत त्या बाकीच्या दिशा. तोंड जमिनीकडे किंवा छताकडे करून टांगू नये. पंख्याचं नंतर बोलतो.

निशाचर, आधी जाडी बघा. स्लिम डिस्कवाला ३५८ बाय २१६ बाय ९६ मिलिमीटर, वजन ३.२ किलो. म्हणजे सपाट बाजू भिंतीला लावली तरी साडेनऊ सेंटिमीटर हवेत. तुमच्या चार सेंटिमीटरमध्ये तो मावणारच नाही, त्यामुळे फिक्स ब्रॅकेट ठेवून मागे लपवण्याचा विषय इथेच संपतो. पुढेमागे होणारा आर्म ब्रॅकेट लागेल, आणि तो मिटवल्यावरही मागे तेरा-चौदा सेंटिमीटर राहतील असा.

आता हवा. पीएस५ समोरच्या तोंडाकडून दोन्ही बाजूंनी हवा ओढतो आणि सगळी गरम हवा मागून सोडतो. एचडीएमआय, लॅन आणि पॉवरची भोकंही त्याच मागच्या बाजूला. म्हणून मागे जागा सोडली नाही तर केबल वाकते आणि हवा अडते, दोन्ही एकदम. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर ठेवा असं कंपनीच म्हणते.

तुमच्या टीव्हीवर हे बसवून बघू. पंचावन्न इंची टीव्ही साधारण १२३ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेएकसष्ट. मागची स्क्रूची भोकं ३०० रुंदीची असली तर प्लेट मध्यापासून पंधरापर्यंत जाते. उरले साडेसेहेचाळीस. त्यात उभा कन्सोल साडेएकवीस रुंदी खातो. तोंड कडेच्या बाजूला करून कडेपासून १० सेंटिमीटर आत बसवला, तर पाठीमागे प्लेटपर्यंत साधारण १५ उरतात. तेवढ्यात प्लग आणि केबलचा वळसा सहज बसतो.

अनुजा_के

पण वायरमन काका, मग गरम हवा टीव्हीच्या मधोमध सोडली जाते की. टीव्हीचं बोर्ड तिथेच असतं. मी उलटं करीन. कन्सोलचं तोंड आत आणि पाठ कडेकडे, म्हणजे गरम हवा सरळ खोलीत.

जुना_वायरमन

ताई, मुद्दा रास्त आहे. पण मग कन्सोल श्वास घेतो तो मधली, टीव्हीने आधीच तापवलेली हवा. वर डिस्कचं तोंड आणि समोरचे यूएसबी आतल्या अंधारात जातात. डिस्क १२ सेंटिमीटरची, ती आणि दोन बोटं आत जायला हवीत. डिस्क रोज बदलणाऱ्याने तोंड कडेलाच ठेवावं. डिजिटल मॉडेल असतं तर तुमच्या बाजूने मत दिलं असतं.

अनुजा_के

मला अजून पटलेलं नाही. आमच्याकडे उलटा आहे आणि टीव्ही ठीक आहे. एक त्रास मात्र झाला. कन्सोल पार मध्यावर सरकवला तेव्हा कंट्रोलर अडखळायला लागला आणि वायफायचा वेगही पडला. टीव्हीची पाठ पत्र्याची. कडेला आणला आणि लॅनची वायर लावली, मग थांबलं.

वऱ्हाडी_ठेचा

मी नागपूरचा. माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे, भिंतीच्या कपाटात ठेवला होता. मे महिन्यात खोलीच चाळीसच्या आसपास, तो बिचारा बंद पडायचा. आता उघड्या फळीवर आहे. तुमचा पीएस५ तर याच्या दुपटीहून जास्त वीज खातो. मुंबईकडे एवढं ऊन नाही, पण दमट असतं ना? त्याने काय होतं?

जुना_वायरमन

भाऊ, चांगलं काढलंत. पीएस५ च्या माहितीपत्रकात आजूबाजूची हवा ५ ते ३५ अंश लिहिली आहे. ती मोजायची कन्सोल जिथून हवा ओढतो तिथे, खोलीच्या मध्यावर नाही. खेळताना पीएस५ दोनशे वॅटच्या आसपास खातो, त्यात टीव्हीची उष्णता मिळते. नागपूरच्या मेमध्ये एसीशिवाय कुठल्याच ब्रॅकेटने हे गणित सुटत नाही.

निशाचर, तपासायची सोपी रीत आहे. बाजारात वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याचं टोक कन्सोलच्या तोंडापाशी चिकटवा आणि तासभर जड गेम खेळा. खोली ३० आणि तोंडापाशी ३२-३३ असेल तर सुखाने झोपा. खोलीपेक्षा सहा-सात अंश जास्त दाखवलं, तर सोडलेली हवा फिरून परत आत जातेय असं समजा. पंख्याचा आवाज अचानक चढणं हे त्याच्याही आधी कळणारं लक्षण आहे.

आणि जोशीबुवांचा पंखा. कन्सोलच्या जाळीवर चिकटवला तर आतल्या पंख्याशी भांडतो. लावायचाच तर टीव्हीच्या वरच्या कडेला, हवा वर फेकेल असा. दोन्ही टोकं उघडी असतील तर गरम हवा आपणहून वर जाते, म्हणून वरची फट कधी झाकू नका. दमट हवेपेक्षा मला झुरळांची जास्त धास्ती, त्यांना गरम कोपरा फार आवडतो. जाळी साफ करता यावी म्हणून तरी तो हाताशी हवा.

निशाचर_डोंबिवली

काका, खूप आभार. म्हणजे आर्म ब्रॅकेट आणि टीव्हीला अडकवायचा ट्रे. भिंतीला वेगळा ब्रॅकेट का नको? आणि केबल?

जुना_वायरमन

कन्सोल भिंतीला लावला तर आर्मवर वजन येत नाही, हा फायदा. पण टीव्ही ४० सेंटिमीटर पुढे ओढलात की एचडीएमआय तेवढी ताणली जाणार. मग दोन मीटरची घ्या, आणि मिटवताना ती लूप कुठे चेंगरते ते बघत बसा. ट्रेवर कन्सोल टीव्हीबरोबर हलतो, खोक्यातली केबलच पुरते. भिंतीकडून फक्त पॉवर आणि लॅन येतात, त्यांनाच ढील ठेवायची. काटकोनी जोडणी टाळा. १२० हर्ट्झला मध्ये सांधा आला की चित्र क्षणभर काळं होतं किंवा ठिपके चमकतात, आणि माणूस कन्सोलला दोष देत बसतो. बसवून झालं की `Screen and Video` मध्ये जाऊन `Video Output Information` बघा, टीव्हीला खरंच काय पोचतंय ते दिसेल.

मला काळजी तुमच्या भिंतीची आहे. टीव्ही १६ किलो, कन्सोल आणि ट्रे मिळून चार, म्हणजे वीस धरा. आर्म ४० सेंटिमीटर बाहेर आणि प्लेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर, तर वरच्या बोल्टांवर भिंतीतून उपटणारी ओढ ४० किलोची येते. मिटवलेला असताना तीच चौदाच्या आसपास. तुमचं पोरगं लोंबकळलं तर वेगळं. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा गुल्ला यासाठी भरवशाचा नाही. हॅमर बंद ठेवून ड्रिल करा आणि केमिकल अँकर भरा, किंवा आरसीसी कॉलम जवळ असेल तर सरळ त्यात ठोका.

जॉयस्टिक_जोशी

किंवा अठरा एमएमचा प्लाय भिंतीला आठ-दहा ठिकाणी ठोकायचा आणि त्यावर आर्म. माझ्या भावाकडे तसंच केलंय.

जुना_वायरमन

हे मात्र शंभर टक्के बरोबर, जोशीबुवा. त्या आठ-दहा जागीही एएसीसाठीचेच लांब नायलॉन गुल्ले वापरा.

निशाचर_डोंबिवली

कॉलम टीव्हीपासून दोन फूट बाजूला निघाला, म्हणजे प्लायच. सुताराशी बोललोय. अजून एक. सॉकेट टीव्हीच्या मागेच आहे आणि आमच्याकडे रात्री सगळी बटणं बंद करायची सवय आहे. रेस्ट मोडमध्ये असताना बंद झालं तर?

अनुजा_के

तेव्हा अपडेट किंवा डाउनलोड चालू असेल तर गोंधळ होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी चालू करताना नीट बंद केला नव्हता म्हणून कटकट करतो. एक तर पूर्ण `Turn Off PS5` करा, नाहीतर त्या बटणावर टेप लावा. आम्ही टेप लावली. सासूबाई तरी बंद करतात.

जुना_वायरमन

स्क्रूचं विसरू नका. ट्रेची पट्टी तीन मिलिमीटर जाड असेल तर टीव्हीच्या मागचे स्क्रू आधीपेक्षा तेवढेच जास्त लांब लागतात, साधारण एम६. जुनेच वापरले तर पकड कमी. फार लांब घातले तर टोक आत पॅनलला लागतं, म्हणून आधी काडी घालून भोकाची खोली मोजा आणि मगच दुकानात जा.