मदत हवी आहे: n ≤ 40 वरून कोणती पद्धत ओळखायची?

जळगावात आम्ही तिघं रोज संध्याकाळी कोडिंगचे प्रश्न सोडवतो, एकावर अडलोय. n ≤ 40 संख्या, प्रत्येक 10^9 पर्यंत. बेरीज नेमकी X येईल असे उपसंच मोजायचे. वेळ 1 सेकंद, भाषा C++.

सगळे उपसंच तपासले. n = 20 ला साडेदहा लाखच होतात, लगेच उत्तर येतं; 40 ला TLE. बेरजेवर डीपी करावं तर अ‍ॅरे मेमरीत मावत नाही. 40 म्हणजे 20 ची दुप्पट, त्यामुळे यादी अर्धी करायची खूण वाटते. पण डावीकडची प्रत्येक बेरीज उजवीकडच्या प्रत्येकीशी जोडली तर पुन्हा 2^40 च! उजव्या बेरजा सॉर्ट करून प्रत्येक डाव्या बेरजेसाठी उरलेली रक्कम बायनरी सर्चने शोधायची का? आणि तीच बेरीज अनेकदा आली तर मोजायची कशी?